आई, बीपीच्या वहीचे पुढचे सात दिवस

आई,

गोळी बदलल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांचं बीपी लिहून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे येत्या शनिवारी सकाळी सुरुवात, त्याच्या पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी शेवट, आणि शनिवारी वही घेऊन दवाखाना. हे आपण आधी दोनदा केलंय. पहिल्या वेळचं पान वाया गेलं, दुसऱ्या वेळच्या पानावरून डॉक्टरांना निर्णय घेता आला. दोन्ही पानांचे फोटो समोर ठेवूनच हे लिहितोय. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं सगळं इथे एकत्र आहे. बाबांना मोठ्या अक्षरांत प्रिंट काढायला सांग आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटव, म्हणजे चष्मा शोधत फोन चाळायला नको.

आधी पहिल्या पानाचं काय चुकलं ते सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावरूनच समजेल. त्या पानावर सात दिवसांच्या अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या नऊ शून्यावर संपत होत्या: १४०/८०, १३०/८०, १४०/९०. मशीन असे गोल आकडे देत नाही. ते १३७ दाखवतं, १४३ दाखवतं. मग व्हिडिओवर तू मेमरीचं बटण दाबत गेलीस तेव्हा कळलं की त्या आठवड्यात अकरा नव्हे, चौतीस वेळा बीपी मोजलं होतं. बुधवारी सकाळी ओळीने १५६/८८, १४९/८६, १४४/८५ आणि १३८/८२ असे चार आकडे आले होते, आणि वहीत लिहिलं होतं १४०/८०.

तुझं म्हणणं होतं की आधीचे आकडे धडपडीत घेतलेले, शेवटचा खरा. तसं नाही, आई. बीपी दर ठोक्याला थोडं वरखाली होतच असतं आणि पहिलं रीडिंग बहुतेकांचं थोडं जास्तच येतं. चांगला आकडा दिसेपर्यंत मोजत राहिलं की कधी ना कधी तो येणारच. पण मग वहीत दिवसातला सगळ्यात कमी आकडा राहतो, दिवसाचं बीपी राहत नाही. त्या बुधवारच्या पहिल्या दोन रीडिंगची सरासरी १५२ च्या वर होती. वहीत त्याच्यापेक्षा बारा अंक कमी लिहिलं गेलं. डॉक्टर त्या वहीवर विसंबले असते तर चालू गोळी पुरते आहे असंच त्यांना वाटलं असतं.

म्हणून एक नियम पक्का ठेव: प्रत्येक वेळी दोनच रीडिंग घ्यायची आणि दोन्ही जशी दिसतील तशी लिहायची. १४७ आला तर १४७. आवडला नाही म्हणून तिसरं घ्यायचं नाही आणि फार छान आला म्हणून पहिलं खोडायचं नाही. ही परीक्षा नव्हे. वाईट आकडा लिहिलास तर डॉक्टर रागावणार नाहीत, त्याच आकड्यावरून त्यांना औषध ठरवायचं असतं.

आता मशीन. चारही सेल शुक्रवारी रात्रीच नवे घाल. जुने-नवे मिसळू नकोस. सेल उतरलेले असले की पट्टा हळूहळू फुगतो, मध्येच सुटतो, आणि आपण पुन्हा मोजायला जातो. सेल बदलले की मशीनचं घड्याळ पुसलं जातं, हे मागच्या वेळी आपल्या लक्षात आलं नव्हतं. मेमरीत सगळ्या नोंदी एक जानेवारीपासून मोजलेल्या होत्या, त्यामुळे बुधवार कुठला हे मागे मोजत शोधावं लागलं. म्हणून सेल घातल्यावर लगेच तारीख लाव. आपल्या मशीनवर घड्याळाचं चित्र असलेलं बटण दाबून धरलं की वर्ष लुकलुकायला लागतं. मेमरीच्या बटणाने आकडा पुढे न्यायचा आणि घड्याळाच्या बटणाने पक्का करायचा. मग ओळीने महिना, तारीख, तास आणि मिनिटं. हे काम बाबांनी केलं तरी चालेल, पण शेवटी भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघा.

बाजूला A आणि B असं लिहिलेली छोटी कळ आहे. A तुझी, B बाबांची. पहिल्या आठवड्यातल्या त्या चौतीसांत तीन रीडिंग ११८/७२ च्या आसपासची होती आणि ती बाबांची निघाली. मशीनला माणूस ओळखता येत नाही. ही तीन रीडिंग तुझ्या सरासरीत गेली असती तर तुझं बीपी उगाचच खाली आलेलं दिसलं असतं. बाबांना मोजायचं असेल तर त्यांनी कळ B वर सरकवावी आणि झाल्यावर पुन्हा A वर आणून ठेवावी. सर्वांत बरं म्हणजे या सात दिवसांत त्यांनी मोजूच नये.

पट्ट्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या आठवड्यातली खरी गोम तिथेच होती. मशीनसोबत आलेल्या पट्ट्यावर २२–३२ सेंमी असं छापलंय. तो तेवढ्या घेराच्या दंडासाठी आहे. शिवणकामाच्या टेपने तुझा दंड मोजला तेव्हा ३४ आला. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडून, टेप न आवळता मोजलं होतं. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की आतली हवेची पिशवी दंडाला पुरेशी वेढत नाही. रक्तवाहिनी दाबायला मग जास्त हवा भरावी लागते आणि मशीनला तेच बीपी वाटतं. आकडा चढा येतो. पट्टा फार मोठा असला तर उलट होतं, आकडा उतरता येतो.

म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा ३२–४२ चा पट्टा मागवला. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीला बसला तरी वापरायचा नाही. मशीनचा आतला हिशेब स्वतःच्या पट्ट्याच्या मापावर बेतलेला असतो. नवा पट्टा आला त्या दिवशी आपण दोन्ही पट्टे आलटून-पालटून लावून बघितलं. जुन्यावर १५१, नव्यावर १४६, पुन्हा जुन्यावर १५२, नव्यावर १४५. म्हणजे तुझ्या बाबतीत पाच-सहा अंकांचा फरक. पण जुन्या पट्ट्यावर मोजून त्यातून पाच वजा करू, असं मात्र करता येत नाही. हा फरक माणसागणिक आणि दंडागणिक बदलतो. नवा पट्टाच वापर. तो गुंडाळल्यावर कडेची बाणाची खूण छापलेल्या दोन रेघांच्या मध्ये पडायला हवी. बाहेर पडली तर माप चुकलं समज.

पट्टा उघड्या दंडावर बांध. ब्लाउजची बाही वर सरकवून खाली पट्टा बांधायची तुझी सवय आहे, पण ती गुंडाळलेली बाही दंडाला फडकं बांधल्यासारखी आवळते आणि रीडिंग बिघडतं. दोन्ही वेळेला सैल बाह्यांचा गाऊन घाल, बाही सहज खांद्यापर्यंत जाईल असा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर हवी. नळी आतल्या बाजूने तळहाताकडे उतरावी. बांधल्यावर पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकतील, पण मूठ शिरणार नाही, इतपत घट्ट. मनगटातल्या बांगड्या राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही.

हात कोणता? पहिल्या दिवशी आपण दोन्ही हातांवर दोनदोनदा मोजलं होतं. उजव्यावर १४७ आणि १४४, डाव्यावर १४५ आणि १४१. एवढा फरक चालतो. दहापेक्षा जास्त फरक सतत आला असता तर डॉक्टरांना सांगून ज्या हातावर जास्त येतं तोच धरायला लागला असता. तुझ्या बाबतीत डावा ठरलाय, कारण उजव्या हाताने लिहायचंय. सातही दिवस डावाच. आज डावा, उद्या उजवा असं नको.

बसायची जागा जेवणाच्या टेबलाशी, पाठ टेकेल अशा खुर्चीत. पलंगावर नको, सोफ्यावर नको, कारण तिथे पाठ टेकवावी तर हात खाली जातो आणि हात टेबलावर ठेवावा तर पाठ सुटते. त्या खुर्चीत तुझे पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, म्हणून पायाखाली देवघरातला पाट घे. मागच्या वेळी पाटाने काम छान झालं. तळवे पूर्ण टेकलेले हवेत आणि पायावर पाय नको, त्यानेही बीपी काही अंकांनी वर जातं.

हात टेबलावर ठेवला तरी तुझ्या उंचीला टेबल थोडं खाली पडतं. पट्ट्याचा मधला भाग छातीच्या मधल्या हाडाच्या मध्यावर यायला हवा. त्यासाठी हाताखाली घडी केलेली चादर ठेव, दोन घड्या पुरतात. हे मी इतकं का सांगतोय तर टाकीचं पाणी आठव: वरच्या मजल्यावर नळाला जोर कमी आणि खालच्या मजल्यावर जास्त. रक्ताचंही तसंच आहे. हात हृदयापेक्षा दहा सेंटीमीटर खाली असला तर आकडा साधारण सात-आठ अंकांनी जास्त दिसतो, आणि तेवढा वर असला तर तितकाच कमी. मांडीवर हात ठेवून मोजलेलं रीडिंग म्हणूनच उपयोगाचं नाही. हात चादरीवर अगदी सैल सोड, मूठ वळू नकोस. हात आपणच उचलून धरला तर स्नायू ताणले जातात आणि तेही आकड्यात उतरतं.

आता वेळ. सकाळचं बीपी उठल्यापासून तासाभरात, पण ठरावीक क्रमाने. उठलीस की आधी लघवीला जाऊन ये, मूत्राशय भरलेलं असलं तरी बीपी चढतं. मग खुर्चीत बस. पाच मिनिटं काही करायचं नाही. मग दोन रीडिंग, मग बीपीची गोळी, मग चहा, मग अंघोळ आणि पूजा. तुला उठल्या उठल्या चहा लागतो हे माहीत आहे, पण हे सात दिवस पंधरा मिनिटं थांब. चहा-कॉफीनंतर निदान अर्धा तास जायला हवा, त्यापेक्षा आधी मोजणं सोपं. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बीपी उतरलेलं असतं, म्हणून ते मोजणंही अंघोळीआधी.

गोळीच्या आधी मोजण्याला खास कारण आहे. त्या वेळी आदल्या दिवशीच्या गोळीला चोवीस तास होत आलेले असतात. गोळी शेवटपर्यंत टिकते की पहाटेच तिचा जोर ओसरतो, हे त्याच रीडिंगवरून दिसतं. गोळी घेऊन दोन तासांनी मोजलंस तर ते कळायची सोयच राहत नाही. दवाखान्यात बीपी सकाळी अकराला, गोळी चांगली लागू पडलेली असताना घेतात. घरच्या वहीतून डॉक्टरांना जे हवंय ते दवाखान्यात मिळत नाही ते हेच.

संध्याकाळचं साडेसातला, जेवणाआधी. जिना चढून आल्या आल्या नको, भाजी आणून पिशवी ठेवली की लगेच नको, अर्धा तास जाऊ दे. तुझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे जर्मनीत उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे दुपारचे चार, आणि माझा रोजचा फोन नेमका तेव्हाच यायचा. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी पहिलं रीडिंग १४२ आणि दुसरं १२०, असा बावीसचा फरक होता. विचारल्यावर कळलं की पहिल्याच्या वेळी तू माझ्याशी स्पीकरवर बोलत होतीस. बोलताना बीपी सहज दहा-पंधरा अंकांनी वर जातं. आता मी आठनंतर फोन करेन. त्या वेळी टीव्ही बंद ठेव, बाबांनाही बोलायला लावू नकोस. साडेसातला काही चुकलं आणि मोजायचं राहिलं तर आठला मोज, फक्त वहीत आठ वाजले असं लिही.

मोजताना असं कर. पट्टा बांध, पाठ टेकव, पाय पाटावर, हात चादरीवर, आणि स्वयंपाकघरातलं टायमर पाच मिनिटांवर लाव. टायमर वाजला की बटण दाब. पट्टा फुगून सुटेपर्यंत हलायचं नाही, पडद्याकडे टक लावूनही बसायचं नाही. आकडे आले की लगेच वहीत लिही. पट्टा न काढता एक मिनिट थांब आणि पुन्हा बटण दाब. मिनिटाचं अंतर यासाठी की दाबलेल्या हातातलं रक्त पूर्ववत वाहायला लागावं. दुसरं रीडिंग लिहिलं की काम झालं.

पडद्यावर SYS समोरचा वरचा आकडा, DIA समोरचा खालचा आणि PULSE समोरचा नाडीचा. तिन्ही लिहायचे. पहिल्या पानावर तू नाडी लिहिलीच नव्हतीस. औषध बदललंय, त्यामुळे नाडी वाढली की कमी झाली हेही डॉक्टर बघतात.

वहीत एका दिवसाला एक पान नको, सातही दिवस समोरासमोरच्या दोन पानांत बसले पाहिजेत, म्हणजे डॉक्टरांना पानं उलटावी लागणार नाहीत. डावं पान सकाळचं, उजवं संध्याकाळचं. प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून रकाने कर: वार आणि तारीख, वेळ, पहिलं रीडिंग, दुसरं रीडिंग, दोन्ही वेळची नाडी आणि शेवटी रुंदसा रकाना टीप म्हणून. मागच्या वेळची तुझी मंगळवार सकाळची ओळ अगदी जशी हवी तशी होती: ६:२५, १४८/८५, १४२/८३, नाडी ७४ आणि ७२, टीप: रात्री गुडघा दुखत होता, झोप कमी.

टीपेत मोजकंच लिही, पण काही गोष्टी सोडू नकोस. गोळी विसरली किंवा उशिरा घेतली, तर तसं. उपवास असला आणि पाणी कमी प्यायलीस, तर तसं. ताप, जुलाब, चक्कर, घोट्याला सूज, तर तसं. आणि गुडघ्यासाठी कोणतीही वेदनाशामक गोळी घेतलीस तर तिचं नाव, स्ट्रिपवरून बघून. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतं, शिवाय बीपीच्या औषधाचा जोरही कमी होऊ शकतो. शेजारच्या काकूंनी दिलेली गोळी असली तरी लिही. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचंही तेच. ही टीप नसली तर डॉक्टरांना वाटेल की बीपी आपोआप वाढलंय आणि ते औषधाचा डोस वाढवतील, खरं कारण मात्र त्या स्ट्रिपमध्ये असेल.

नोंद करताना पडद्यावर काही वेगळं दिसलं तर काय करायचं ते सांगतो. आकड्यांऐवजी चुकीची खूण आली किंवा पट्टा फुगून पुन्हा पुन्हा फुगायला लागला, तर बहुतेक वेळा हात हलला असतो, पट्टा सैल असतो किंवा नळी खुर्चीखाली दुमडलेली असते. पट्टा काढ, नीट बांध, पाच मिनिटं थांब, पुन्हा घे. ते आधीचं रीडिंग आलंच नाही, त्यामुळे दोनाच्या नियमात ते धरायचं नाही. हृदयाच्या चित्राची खूण दिसली तर मशीनला ठोके अनियमित वाटले असा त्याचा अर्थ. हात हलल्यानेही ती कधीतरी येते. एकदा आली तर वहीत हृदयाचं चित्र काढ आणि पुढे जा. दोन-तीन दिवस येत राहिली तर सात दिवस पुरे व्हायची वाट न बघता दवाखान्यात फोन कर. ठोक्यांत खरंच गडबड आहे का, हे ईसीजीवरून ठरतं, मशीनवरून नाही. आणि ठोके अनियमित असले तर बीपीचा आकडाही तितका भरवशाचा राहत नाही.

एक गोष्ट मात्र नियमापेक्षा मोठी. वरचा आकडा १८० किंवा जास्त, किंवा खालचा १२० किंवा जास्त आला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोज. त्याच वेळी छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला असेल, बोलताना जीभ जड होत असेल किंवा अचानक दिसायला कमी झालं असेल, तर दुसरं रीडिंगही घेऊ नका, बाबांनी सरळ १०८ ला फोन करावा. अशा वेळी आकडा किती आहे याने फरक पडत नाही, ही लक्षणं असली की आकडा कमी असला तरी १०८. लक्षण काही नाही पण दुसरं रीडिंगही तेवढंच, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोल. मनानेच जास्तीची गोळी घेऊ नकोस. एकदम खाली आणलेलं बीपी वाढलेल्या बीपीइतकंच घातक ठरू शकतं. उलट, नवी गोळी सुरू आहे म्हणून वरचा आकडा शंभराच्या खाली आला आणि डोकं हलकं वाटलं, तर पुढची गोळी घेण्याआधी दवाखान्यात विचार.

गादीवरून उठताना अंधारी येते असं तू मागच्या रविवारी म्हणालीस. ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी एक वेगळं मोजमाप सांगितलंय, तेही या आठवड्यात करून टाकू. बुधवारी सकाळी नेहमीची दोन रीडिंग झाली की पट्टा तसाच ठेवून उभी राहा. बाबांना शेजारी उभं राहू दे आणि खुर्ची मागेच असू दे. उभं राहिल्यावर एक मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा मोज. मोजताना हात बाबांनी छातीच्या पातळीला खालून आधार देऊन धरायचा, लोंबता नको. बसल्यापेक्षा उभ्याने वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी पडला, तर ती गोष्ट डॉक्टरांना लगेच कळवायची. मध्येच गरगरलं तर मोजणं सोडून खाली बस. ही रीडिंग वहीच्या मागच्या पानावर वेगळी लिही, सात दिवसांच्या आकड्यांत मिसळू नकोस.

सरासरी तू काढू नकोस, ती मी काढेन. पण ती कशी निघते हे तुला माहीत असावं. पहिल्या दिवसाची चारही रीडिंग बाजूला ठेवतात, कारण त्या दिवशी नवलाईनेच बीपी जरा चढं असतं. उरलेल्या सहा दिवसांत सकाळची बारा आणि संध्याकाळची बारा. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या सकाळच्या जोड्यांच्या वरच्या आकड्यांची सरासरी दिवसागणिक १४३, १४१, १४५, १४७, १४२ आणि १४६ होती. बेरीज ८६४, भागिले सहा, म्हणजे १४४. संध्याकाळचे १२८, १३१, १२६, १३०, १२७, १३२. बेरीज ७७४, म्हणजे १२९. (सोमवारचं ते फोनवरचं रीडिंग मी धरूनच हिशेब केला. लिहिलेलं आहे तर काढायचं नाही, फक्त शेजारी टीप.)

दिवसभराची एकच सरासरी काढली तर वरचा आकडा १३६-१३७ येतो. घरच्या मोजणीत १३५/८५ ही रेघ धरतात, दवाखान्यातली १४०/९० ची रेघ इथे लागू होत नाही. म्हणजे एकत्र बघितलं तर तुझं बीपी रेघेच्या जेमतेम वर. पण सकाळ आणि संध्याकाळ वेगळी ठेवल्यामुळेच दिसलं की संध्याकाळी बीपी छान आहे आणि सकाळी, गोळीच्या आधी, पंधरा अंकांनी जास्त. डॉक्टरांनी ते दोन आकडे बघून गोळी बदलली. पहिल्या पानावरच्या १४०/८०, १४०/८०, १४०/८० मधून हे कधीच दिसलं नसतं. या वेळी डॉक्टर बघतील ते हेच: सकाळचा १४४ खाली आला का, आणि तो येताना संध्याकाळचा १२९ फार खाली तर गेला नाही ना.

प्रत्येक रीडिंग मोजल्या मोजल्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. पहिलं रीडिंग पाठवून माझ्या उत्तराची वाट बघत दुसरं घेतलंस की दुसरं वाढलेलं येतं, हे दोनदा झालंय. मंगळवारी रात्री एक फोटो पाठव, म्हणजे काही रचना चुकत असेल तर वेळेत कळेल, आणि दुसरा शुक्रवारी रात्री, समोरासमोरची दोन्ही पानं एका फोटोत. फोटो दिव्याखाली, वरून सरळ. पेन निळं किंवा काळं. पेन्सिल नको, फोटोत फिकी येते.

शनिवारी दवाखान्यात वहीसोबत मशीन आणि नवा पट्टाही घेऊन जा. आपल्या मशीनवर एकदा आणि डॉक्टरांच्या यंत्रावर एकदा, त्याच हातावर, मध्ये मिनिटभर थांबून मोजायला सांग. वर्षातून एकदा तरी हे केलेलं बरं, पट्ट्याची रबरी पिशवी आणि नळी जुनी झाली की हवा झिरपायला लागते. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपही एका पिशवीत घे, गुडघ्याच्या धरून.

आणि जुना २२–३२ चा पट्टा टाकू नकोस. बाबांचा दंड २८ आहे, तो त्यांचाच पट्टा. त्यावर मार्करने ठळक B लिहून ठेव आणि तुझ्यावर A, म्हणजे कळ आणि पट्टा दोन्ही जुळतील. तुझा पट्टा टेबलाच्या खणात आणि त्यांचा कपाटात, एकत्र ठेवू नका.